ग्लुकोजची ऊर्जा आणि एटीपीचे चार्जिंग

एक मोल, म्हणजे 180 ग्रॅम ग्लुकोजचा ऑक्सिजनशी पूर्ण संयोग झाला की कामाला लावता येईल अशी सुमारे 2870 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. हे ग्लुकोज प्रयोगशाळेतल्या पात्रात पेटवले काय किंवा स्नायूच्या पेशीत वापरले काय, सुरुवातीचे आणि शेवटचे पदार्थ तेच असतात, त्यामुळे एकूण हिशेबही तोच राहतो.

C₆H₁₂O₆ + 6O₂ → 6CO₂ + 6H₂O

फरक पडतो तो मधल्या मार्गात. पात्रात पेटवलेल्या ग्लुकोजची ऊर्जा एकदम उष्णता होऊन निघून जाते. पेशीला अशा उष्णतेचा कामासाठी उपयोग नसतो, कारण उष्णतेपासून काम मिळवायचे तर एक बाजू गरम आणि दुसरी थंड असावी लागते, आणि पेशीत सगळीकडे तापमान जवळपास सारखेच असते. म्हणून पेशी ग्लुकोजचे विघटन अनेक लहान टप्प्यांत करते आणि सुटणाऱ्या ऊर्जेचा काही भाग एटीपी, म्हणजे अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, या रेणूच्या रूपात पकडून ठेवते. श्वसनाचा अभ्यास करताना टप्प्यांची नावे पाठ होतात, पण एका रेणूची ऊर्जा दुसऱ्या रेणूत जाते तरी कशी, हा मूळ प्रश्न अनेकदा मागे राहतो. त्याचे उत्तर दोन भागांत मिळते. थोडा एटीपी ग्लुकोजच्या तुकड्यांकडून थेट फॉस्फेट घेऊन बनतो, आणि उरलेला, म्हणजे बहुतांश, एका पटलाच्या दोन बाजूंमधल्या विद्युतदाबावर बनतो.

एटीपीच्या रेणूत अ‍ॅडिनीन, रायबोज ही साखर आणि एकापुढे एक जोडलेले तीन फॉस्फेट गट असतात. 1929 मध्ये जर्मनीत कार्ल लोहमान यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेत हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी तो स्नायूंतून वेगळा केला. एटीपीला पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी म्हणतात ते योग्यच आहे. शेवटचा फॉस्फेट सुटला की बॅटरी उतरते आणि एडीपी उरतो. ग्लुकोजच्या ऊर्जेवर तो फॉस्फेट परत जोडला की ती पुन्हा चार्ज होते. स्नायूचे आकुंचन, चेतापेशीतला सोडियम-पोटॅशियम पंप, प्रथिनांची बांधणी अशी निरनिराळी कामे याच एका बॅटरीवर चालतात.

पण ही बॅटरी नेमकी कशामुळे ऊर्जा देते, याबद्दल एक घट्ट गैरसमज आहे. शेवटच्या दोन फॉस्फेटमधल्या बंधात ऊर्जा भरलेली असते आणि बंध तुटला की ती बाहेर पडते, असे वाक्य जुन्या पुस्तकांतही सापडते. रसायनशास्त्राप्रमाणे कोणताही बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते. एटीपीच्या बाबतीत नफा होतो तो नंतर बनणाऱ्या पदार्थांमुळे. शेजारी शेजारी बसलेले फॉस्फेट गट ऋणप्रभारित असल्याने एकमेकांना दूर ढकलत असतात. पाण्याशी अभिक्रिया होऊन ते वेगळे झाले की ही ओढाताण संपते आणि सुटा झालेला फॉस्फेट पाण्यात अधिक स्थिर असतो. या सगळ्याची गोळाबेरीज करून दर मोलला 30.5 किलोज्यूल मिळतात. हा आकडा प्रयोगशाळेने ठरवलेल्या प्रमाण परिस्थितीतला आहे. जिवंत पेशीत तो सुमारे 50 पर्यंत जातो, कारण पेशी एटीपीचे प्रमाण एडीपीच्या तुलनेत सतत बरेच जास्त राखते. दोन्ही रेणूंना रासायनिक समतोलाला पोहोचू दिले, तर जवळजवळ सगळा एटीपी एडीपी होऊन जाईल आणि त्यातून काहीच काम मिळणार नाही. थोडक्यात, बॅटरीचा जोर एकट्या रेणूत नसतो. चार्ज झालेल्या आणि उतरलेल्या रेणूंच्या प्रमाणातली तफावत पेशी टिकवून धरते, त्यात तो असतो.

ही बॅटरी लहानही आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात एका वेळी असलेला एटीपी काही दशक ग्रॅमच्या घरात भरतो. दिवसाला 2400 किलोकॅलरी, म्हणजे साधारण 10,000 किलोज्यूल खर्च करणारी व्यक्ती घेतली आणि त्यातले 40 टक्के एटीपीत उतरतात असे धरले, तर 4,000 किलोज्यूल होतात. मोलला 50 किलोज्यूल या दराने हे 80 मोल एटीपी झाले. एक मोल एटीपी सुमारे 507 ग्रॅमचा असतो, म्हणजे दिवसभरात 40 किलोच्या आसपास एटीपी वापरला जातो. इतका साठा शरीरात कधीच नसतो. तोच मूठभर एटीपी दिवसातून शेकडो वेळा उतरतो आणि पुन्हा चार्ज होतो. म्हणून एटीपीला ऊर्जेचे कोठार म्हणणे चुकीचे ठरते. कोठाराचे काम ग्लायकोजेन आणि चरबी करतात. धावपटू पूर्ण वेगाने सुटला की स्नायूतला एटीपी काही सेकंदच पुरेल इतका असतो, आणि त्यामुळे चार्जिंग क्षणभरही थांबून चालत नाही.

चार्जिंगचा पहिला टप्पा पेशीद्रव्यात होतो. त्याला ग्लायकोलिसिस म्हणतात. दहा पायऱ्या, दहा विकरे, आणि ऑक्सिजनची गरज कुठेच नाही. सुरुवातीला पेशी उलट दोन एटीपी खर्च करते. ग्लुकोजला फॉस्फेट लागला की ते पेशीपटलातून बाहेर निसटू शकत नाही, आणि दुसरा फॉस्फेट लागल्यावर सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे करता येतात.

या दहा पायऱ्यांतली सहावी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण ग्लुकोजची ऊर्जा पहिल्यांदा पकडली जाते ती इथे. तीन कार्बनच्या ग्लिसराल्डिहाइड-3-फॉस्फेट या तुकड्याच्या टोकाला अल्डिहाइड गट असतो. विकर त्याचे ऑक्सिडीकरण करते, म्हणजे त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन काढून एनएडी या सहविकराला देते. एनएडीचा एनएडीएच होतो. या ऑक्सिडीकरणात सुटणारी ऊर्जा उष्णता होऊन वाया जायच्या आत त्याच टोकाला पेशीद्रव्यातला एक सुटा फॉस्फेट जोडला जातो. हा फॉस्फेट एटीपीतल्या शेवटच्या फॉस्फेटपेक्षाही सहज सुटणारा असतो. सातव्या पायरीवर दुसरे विकर तो उचलून थेट एडीपीवर ठेवते आणि एटीपी तयार होतो.

ही जोडणी किती नाजूक आहे ते आर्सेनेटच्या विषबाधेत दिसते. आर्सेनेट आणि फॉस्फेट आकाराने व प्रभाराने इतके सारखे असतात की सहाव्या पायरीचे विकर फॉस्फेटऐवजी आर्सेनेट जोडून बसते. तो जोड पाण्यात आपोआप तुटतो. ग्लुकोजचे विघटन पुढे सुरूच राहते, इलेक्ट्रॉन निघतात, पायरुविक आम्लही बनते. फक्त सातव्या पायरीचे दोन एटीपी मिळत नाहीत आणि ग्लायकोलिसिसचा निव्वळ नफा शून्यावर येतो. विघटन होणे आणि चार्जिंग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसते. सगळे सुरळीत असेल, तर एका ग्लुकोजमागे चार एटीपी बनतात, सुरुवातीचे दोन वजा जाऊन दोन उरतात, आणि जोडीला दोन एनएडीएच व दोन पायरुविक आम्लाचे रेणू मिळतात.

इथे एक अडचण उभी राहते. पेशीत एनएडीचा साठा अगदी थोडा असतो. सगळा एनएडी एनएडीएच होऊन बसला, की सहावी पायरी बंद आणि तिच्यामागे पूर्ण ग्लायकोलिसिस बंद. एनएडीएचवरचे इलेक्ट्रॉन कुणीतरी उतरवून घ्यावेच लागतात. ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा स्नायू ते पायरुविक आम्लावर उतरवतात आणि लॅक्टिक आम्ल बनते. यीस्ट पायरुविक आम्लातून कार्बन डायऑक्साइड काढून उरलेल्या रेणूवर ते उतरवते आणि अल्कोहोल बनते. या किण्वनात स्वतंत्रपणे एकही एटीपी मिळत नाही. त्याचे काम एनएडी मोकळा करण्यापुरतेच असते, आणि हा मुद्दा सुटला की विनॉक्सीश्वसनाचा सगळा अर्थच सुटतो. आपल्या तांबड्या रक्तपेशींत तंतुकणिका नसतात, त्यामुळे भरपूर ऑक्सिजन वाहून नेत असूनही त्या स्वतः याच दोन एटीपींवर जगतात. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी दुखणाऱ्या अंगाचा दोष मात्र लॅक्टिक आम्लाला देऊ नये. ते व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत स्नायूतून निघून गेलेले असते.

ऑक्सिजन पुरेसा असेल, तर पायरुविक आम्ल तंतुकणिकेत म्हणजे मायटोकॉन्ड्रियात जाते. तिथे त्यातला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो आणि उरलेला दोन कार्बनचा भाग अ‍ॅसिटिल को-एन्झाइम ए या रूपात क्रेब्ज चक्रात शिरतो. हान्स क्रेब्ज यांनी 1937 मध्ये इंग्लंडमधल्या शेफिल्ड येथे कबुतराच्या छातीच्या स्नायूवर काम करून हे चक्र मांडले. बारीक केलेल्या स्नायूत थोडेसे सायट्रिक आम्ल घातले, की ते स्वतः पूर्ण जळायला लागेल त्याहून कितीतरी जास्त ऑक्सिजन वापरला जाई. याचा अर्थ सायट्रिक आम्ल संपून जात नव्हते, ते पुन्हा तयार होऊन परत कामाला लागत होते. अभिक्रियांची सरळ रेषा असती तर हे घडले नसते.

चक्रातल्या आम्लांची नावे लक्षात ठेवावीच लागतात, पण ऊर्जेच्या दृष्टीने त्याचे काम एका वाक्यात सांगता येते. ग्लुकोजच्या उरलेल्या भागातून इलेक्ट्रॉन काढून ते एनएडी आणि एफएडी यांच्यावर चढवायचे. एका ग्लुकोजमागे, पायरुविक आम्लाची पायरी धरून, इथे आठ एनएडीएच आणि दोन एफएडीएच₂ मिळतात. थेट एटीपी मिळतात फक्त दोन. आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. सहाच्या सहा कार्बन डायऑक्साइडचे रेणू या टप्प्यापर्यंत बाहेर पडलेले असतात आणि श्वासातून आलेला ऑक्सिजन अजून कुठेच वापरला गेलेला नसतो. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन ग्लुकोजमधून आणि पाण्यातून आलेला असतो. श्वासातला ऑक्सिजन सगळ्यात शेवटी लागतो आणि त्याचे पाणी होते.

आतापर्यंतचा जमाखर्च असा आहे: ग्लुकोज पूर्ण मोडले गेले, पण हाती एटीपी फक्त चार. बाकीची ऊर्जा दहा एनएडीएच आणि दोन एफएडीएच₂ यांच्यावरच्या इलेक्ट्रॉनांत आहे. हे इलेक्ट्रॉन मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलात बसवलेल्या प्रथिनांच्या मालिकेतून एकाकडून दुसऱ्याकडे जात शेवटी ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात. ऑक्सिजनची इलेक्ट्रॉन खेचण्याची क्षमता जबर असल्यामुळे दर टप्प्यावर ऊर्जा सुटते. ती ऊर्जा एटीपीपर्यंत पोहोचवणारा एखादा मधला रासायनिक पदार्थ असणार, असे समजून त्याचा शोध अनेक वर्षे चालला, आणि तो कुणालाच सापडला नाही. 1961 मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी असा पदार्थ नाहीच, असे मांडले. त्यांच्या मते इलेक्ट्रॉनांच्या प्रवासातली ऊर्जा हायड्रोजन आयन, म्हणजे प्रोटॉन, पटलाच्या आतून बाहेर ढकलायला वापरली जाते. पटलातून प्रोटॉन सहजी परत येऊ शकत नसल्याने बाहेर त्यांची दाटी होते आणि दोन बाजूंमध्ये विद्युतदाब तयार होतो. परत यायला त्यांना एकच मोठी वाट असते, ती एटीपी सिंथेज या विकरातून. सुरुवातीला फार थोड्यांना पटलेल्या या कल्पनेला 1978 मध्ये नोबेल मिळाले.

हा विद्युतदाब आकड्यात लहान वाटतो, 150 ते 180 मिलिव्होल्ट. मात्र पटलाची जाडी जेमतेम 5 नॅनोमीटरच्या आसपास असते. इतक्या कमी अंतरावर 150 मिलिव्होल्ट म्हणजे मीटरमागे तीन कोटी व्होल्ट एवढे विद्युतक्षेत्र झाले.

एटीपी सिंथेजचे काम यांत्रिक आहे. प्रोटॉन आत येताना त्याचा पटलातला भाग गरगर फिरवतात, त्याला जोडलेला दांडा फिरतो आणि वरच्या स्थिर भागातल्या तीन जागांचा आकार आळीपाळीने बदलतो. एका जागेत एडीपी आणि फॉस्फेट बसतात, आकार बदलल्यावर ते घट्ट आवळले जाऊन एटीपी बनतो, पुन्हा आकार बदलला की तो सुटतो. अमेरिकेतले पॉल बॉयर यांनी दाखवून दिले, की ऊर्जा मुख्यतः लागते ती बनलेला एटीपी विकराच्या पकडीतून सोडवायला. जॉन वॉकर यांनी 1994 मध्ये बैलाच्या हृदयातल्या या विकराची रचना उलगडली, आणि 1997 मध्ये दोघांना नोबेल मिळाले. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी विकराचा वरचा भाग काचेवर चिकटवून त्याच्या दांड्याला प्रथिनाचा चमकणारा धागा जोडला. एटीपी दिल्यावर तो धागा सूक्ष्मदर्शकाखाली गोल फिरताना दिसला. 2004 मध्ये जपानमध्येच चुंबकीय मण्याच्या साहाय्याने दांडा उलट दिशेला फिरवून पाहण्यात आले, आणि त्या फिरवण्यातून एडीपी व फॉस्फेटपासून एटीपी तयार झाला. चार्जिंगमागे फिरणे आहे, याचा इतका थेट पुरावा दुसरा नाही.

आता पूर्ण हिशेब मांडता येतो. एका एनएडीएचवरचे इलेक्ट्रॉन साधारण दहा प्रोटॉन बाहेर ढकलतात, आणि एक एटीपी बनवून पेशीद्रव्यात पाठवायला साधारण चार प्रोटॉन लागतात. म्हणून एका एनएडीएचमागे 2.5 एटीपी. एफएडीएच₂चे इलेक्ट्रॉन मालिकेत पुढच्या जागी शिरतात, सहाच प्रोटॉन ढकलतात आणि 1.5 एटीपी देतात. दहा एनएडीएचचे 25, दोन एफएडीएच₂चे 3 आणि थेट मिळालेले 4, असे 32 होतात. ग्लायकोलिसिसमधले दोन एनएडीएच पेशीद्रव्यात बनतात आणि ते स्वतः मायटोकॉन्ड्रियात जाऊ शकत नाहीत. त्यांचे फक्त इलेक्ट्रॉन आत पाठवले जातात. काही पेशींत या वाटेवर ते एफएडीवर चढतात आणि एकूण 30 वर येते. एनएडीएचमागे 3 आणि एफएडीएच₂मागे 2 असे पूर्णांक धरून काढलेले 38 किंवा 36 हे आकडे अजून अनेक पुस्तकांत आहेत. परीक्षेत पुस्तकातलाच आकडा लिहावा हे ठीक, पण पटलातून प्रोटॉन मोजून येतात तेव्हा अपूर्णांक येणे स्वाभाविक आहे, आणि थोडे प्रोटॉन पटलातून गळून जातातच, त्यामुळे जिवंत पेशीत 30 सुद्धा वरची मर्यादाच ठरते.

इलेक्ट्रॉनांचा प्रवास आणि चार्जिंग एकमेकांना किती घट्ट बांधलेले असतात ते एका साध्या प्रयोगात तपासता येते. वेगळ्या काढलेल्या मायटोकॉन्ड्रिया द्रावणात ठेवतात, त्यांना इलेक्ट्रॉन पुरवणारा पदार्थ देतात आणि द्रावणातला ऑक्सिजन इलेक्ट्रोडने मोजत राहतात. एडीपी नसेल, तर ऑक्सिजन अगदी सावकाश घटतो. मोजून एडीपी घातला की त्याचा वापर एकदम वाढतो, आणि सगळ्या एडीपीचा एटीपी झाला की पुन्हा मंदावतो. उतरलेली बॅटरी नसेल, तर एटीपी सिंथेज अडून राहते, प्रोटॉन बाहेर तुंबतात आणि त्यांच्या दाबाविरुद्ध इलेक्ट्रॉनांचा प्रवासही रेंगाळतो. पेशी काम करते तेव्हाच एडीपी बनतो, म्हणून पेशीच्या कामाप्रमाणे श्वसनाचा वेग आपोआप ठरतो. ग्लायकोलिसिसमध्येही असाच लगाम आहे. एटीपी भरपूर असला की तिसऱ्या पायरीचे विकर, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज, मंदावते.

याच मांडणीत आता ऑलिगोमायसिन हे प्रतिजैविक घातले, तर एटीपी सिंथेज बंद पडते आणि ऑक्सिजनचा वापरही जवळजवळ थांबतो. त्यावर डायनायट्रोफिनॉल घातले, तर ऑक्सिजन पुन्हा झपाट्याने वापरला जातो, पण एटीपी बनत नाही. हा पदार्थ प्रोटॉन स्वतःवर घेऊन पटलातून आत नेतो, दाब नाहीसा होतो आणि ऊर्जा नुसती उष्णता होऊन निघते. सायनाइडचा परिणाम याहून वेगळा आहे. ते शेवटच्या प्रथिनसमूहातल्या लोहाला चिकटते, इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देता येत नाहीत आणि सगळी मालिका मागेपर्यंत तुंबते. मग डायनायट्रोफिनॉल घालूनही ऑक्सिजनचा वापर सुरू होत नाही. रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतानाही सायनाइडने मृत्यू येतो तो यामुळे.

डायनायट्रोफिनॉल 1930 च्या दशकात अमेरिकेत वजन घटवण्याचे औषध म्हणून विकले गेले. वजन खरोखरच घटत असे, कारण अन्न जळत होते आणि एटीपीत काही जमा होत नव्हते. परंतु परिणामकारक मात्रा आणि घातक मात्रा यांत अंतर फार थोडे होते. ताप अनावर चढून माणसे दगावली, काहींना मोतीबिंदू झाला, आणि 1938 मध्ये त्याचा औषध म्हणून वापर थांबवावा लागला. शरीर स्वतः मात्र हीच युक्ती सुरक्षितपणे वापरते. नवजात बाळाच्या मानेजवळ आणि खांद्यांच्या मध्ये तपकिरी चरबी असते. तिच्या मायटोकॉन्ड्रियात थर्मोजेनिन नावाचे प्रथिन प्रोटॉनांना एटीपी सिंथेज टाळून आत येऊ देते. थंडी वाजल्यावर कुडकुडता न येणाऱ्या बाळाला तिथे जळणारी चरबी एटीपीऐवजी ऊब देते, आणि थंडीचा संदेश थांबला की हे प्रथिन पुन्हा बंद होते.